काम आवडलं, आता दोन ओळी लिहून द्याल का?

काम छान झालं असं फोनवर दोनदा सांगणारा क्लायंट अभिप्राय मागणाऱ्या ईमेलला उत्तर देत नाही, हा अनुभव बहुतेक फ्रीलान्स लेखकांना येतो. आठ दिवस जातात, मग पंधरा. लेखकाला वाटतं, काम खरंच आवडलं होतं की नुसतं तोंडदेखलं कौतुक होतं? बहुतेक वेळा कौतुक खरंच असतं आणि अडचण ईमेलमध्ये असते. ‘आमच्या कामाविषयी आपला अभिप्राय द्यावा आणि हे काम पोर्टफोलिओत वापरण्याची परवानगी द्यावी’ असं एकच वाक्य लेखक लिहितो. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मागितलेल्या असतात आणि दोन्ही मिळून समोरच्याचा हात थांबवतात.

अभिप्राय ही त्या माणसाची मर्जी आहे. तो त्याच्या अनुभवातून येतो आणि त्यासाठी त्याला कुणाला विचारावं लागत नाही. परवानगीचं तसं नाही. ती कंपनीची असते. मार्केटिंग पाहणाऱ्या साहेबांना तुमचं काम कितीही आवडलं, तरी कंपनीच्या पुस्तिकेची पानं तुमच्या वेबसाइटवर लावायला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार त्यांना असेलच असं नाही. त्यांना मालकांना विचारावं लागतं, मोठी कंपनी असेल तर कायदेशीर विभागाला. मग विचारून सांगू म्हणून अख्खा ईमेल बाजूला पडतो आणि जो अभिप्राय लगेच मिळाला असता तोही त्याच्याबरोबर अडकतो. म्हणून या ईमेलची पहिली कसोटी अशी: समोरच्याला एका विनंतीला हो आणि दुसरीला नाही असं सहज म्हणता आलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, नाशिकजवळ ठिबक सिंचनाचं साहित्य बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. वाळूचा फिल्टर कसा सांभाळायचा, हे शेतकऱ्यांना समजावणारी सोळा पानी मराठी पुस्तिका तिने एका फ्रीलान्स लेखिकेकडून लिहून घेतली. जुन्या माहितीपत्रकात ‘दाबातील फरक वाढल्यास बॅकवॉश करावे’ एवढंच होतं. लेखिकेने डीलरच्या दुकानात बसून शेतकऱ्यांचे प्रश्न ऐकले. फिल्टरच्या आधी आणि नंतर बसवलेल्या दोन्ही मीटरचे आकडे कसे वाचायचे, त्यांतला फरक वाढला म्हणजे आत काय झालेलं असतं, पाणी उलटं सोडताना कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, हे तिने क्रमाने आणि चित्रांसह मांडलं. पुस्तिका छापली गेली, हंगामात वाटली गेली, बिलही चुकतं झालं. मग एके दिवशी कंपनीच्या विक्रीप्रमुखांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: ‘मॅडम, पुस्तिका कामाला आली. बॅकवॉश कधी करायचा विचारणारे फोन यंदा बरेच कमी झाले. डीलर अजून प्रती मागतायत.’

अभिप्राय मागायची वेळ हीच. काम सुपूर्द केलं त्या दिवशी विचारलं, तर क्लायंटकडे ‘भाषा ओघवती आहे, वेळेत दिलं’ यापलीकडे सांगण्यासारखं काही नसतं, कारण पुस्तिका अजून वाचकापर्यंत गेलेली नसते. बिल बाकी असताना विचारलं तर दोन व्यवहार एकमेकांत गुंततात. अभिप्राय दिला म्हणजे बिलातल्या शंका मिटल्या, असं क्लायंटला वाटू शकतं, किंवा बिलात सवलत मिळावी म्हणून तो चार शब्द जास्त लिहितो. दोन्ही टाळलेलं बरं. फार उशीर केला तर तो माणूस दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. कामाचा परिणाम दिसायला लागला आहे आणि आठवण ताजी आहे, अशी थोडीशी मुदत असते, तेवढ्यात विचारावं.

लिहिण्याआधी लेखिकेने एक कागद शोधून पाहायला हवा: वर्क ऑर्डर किंवा करार. भारतातल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे लेखनाचा पहिला मालक लेखक असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं होतं, पण फ्रीलान्स लेखक नोकर नसतो. पैसे घेऊन लिहून दिलं एवढ्यानेच मजकुराचा कॉपीराइट क्लायंटकडे जात नाही. तो द्यायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी हस्तांतर लागतं आणि त्यावर सही लागते. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं हस्तांतर झालं असं मानतो. हे बऱ्याच लेखकांना माहीत नसतं आणि बऱ्याच क्लायंटनाही.

व्यवहारात मात्र बहुतेक कंपन्यांच्या वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावर ‘सर्व हक्क कंपनीकडे राहतील’ असं एक वाक्य बारीक अक्षरांत असतं आणि लेखकाने सही केलेली असते. तसं असेल तर मजकूर लिहिला तुम्हीच, पण तो जसाच्या तसा पुन्हा प्रसिद्ध करण्याचा हक्क तुमच्याकडे उरलेला नसतो. कलम 57 लेखकाला एक वेगळा हक्क देतं: कॉपीराइट दिल्यानंतरही ‘हे माझं लेखन आहे’ असं म्हणण्याचा. पण ‘ही पुस्तिका मी लिहिली’ असं म्हणणं आणि तिची पानं स्वतःच्या वेबसाइटवर छापणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय करारात गोपनीयतेचं कलम असेल, तर कॉपीराइट कुणाकडेही असो, त्या कामाविषयी बोलण्यावरच बंधन येतं. दुसऱ्याच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या लेखनात, म्हणजे उद्योजकाचे लेख किंवा डॉक्टरांचं सदर यांत, लेखकाने नाव न सांगण्याचं वचनच दिलेलं असतं. तिथे ‘पोर्टफोलिओत दाखवू का’ हा प्रश्न नुसता ईमेलने विचारणंही क्लायंटला दचकवतं. तो प्रश्न प्रत्यक्ष भेटीत, आणि करार होण्याआधीच विचारलेला उत्तम.

अजून एक गोष्ट पाहायची. काम थेट कंपनीकडून आलं की एखाद्या जाहिरात एजन्सीमार्फत? एजन्सीमार्फत असेल तर तुमचा क्लायंट एजन्सी आहे. तिला ओलांडून कंपनीला ईमेल केला, तर काम पळवण्याचा प्रयत्न वाटतो आणि अनेक करारांत त्याला मनाई असते. आपल्या उदाहरणात काम थेट आहे, गोपनीयतेचं कलम नाही, आणि हक्क कंपनीकडे गेले आहेत. म्हणजे विचारायलाच हवं.

आता लेखिकेचा ईमेल असा:

‘विषय: फिल्टर पुस्तिका – अभिप्राय आणि पोर्टफोलिओसाठी परवानगी

नमस्कार सर,

बॅकवॉशविषयी विचारणारे फोन यंदा कमी झाले, हा आपला निरोप वाचून फार बरं वाटलं. डीलरच्या दुकानात बसून प्रश्न टिपून घेतले, त्याचा उपयोग झाला म्हणायचा.

दोन वेगळ्या विनंत्या आहेत. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणालात तरी चालेल.

पहिली, आपला अभिप्राय. नवीन क्लायंटना माझं काम सांगताना मला तो वापरायचा आहे. सुचतील तशी, दोन-तीन वाक्यांत उत्तरं दिलीत तरी पुरे. बोलून पाठवलंत तरी चालेल. मी लिहून काढीन आणि आपण पाहिल्याशिवाय कुठेही वापरणार नाही.
1. पुस्तिका करायचं ठरवलं तेव्हा नेमकी अडचण काय होती?
2. माझ्या कामाच्या पद्धतीत काय उपयोगी वाटलं? काही खटकलं असेल तर तेही सांगा, ते माझ्यापुरतंच राहील.
3. पुस्तिका वाटल्यावर काय फरक दिसला?
अभिप्रायाखाली आपलं नाव, पद आणि कंपनी कशी लिहू, तेही कळवा.

दुसरी, परवानगी. वर्क ऑर्डरप्रमाणे पुस्तिकेचे हक्क कंपनीकडे आहेत. खालीलपैकी काय चालेल ते कळवावं:
क) मुखपृष्ठ आणि पान 4 ते 7 माझ्या वेबसाइटवर दाखवणं
ख) क्लायंटच्या यादीत कंपनीचं नाव लिहिणं
ग) कंपनीचा लोगो वापरणं
घ) एखाद्या क्लायंटने मागितली तर पूर्ण पीडीएफ त्यांना ईमेलने पाठवणं
पानं कशी दिसतील त्याचा नमुना सोबत जोडला आहे. यासाठी कुणा दुसऱ्यांना विचारावं लागत असेल तर हाच ईमेल त्यांना पुढे पाठवता येईल.

घाई नाही. या महिन्याअखेरपर्यंत कळवलंत तर सोयीचं होईल. पुढे कधीही ही पानं काढायला सांगितलीत तर काढीन.

आपली,’

या ईमेलमध्ये बारीक गोष्टी बऱ्याच आहेत. त्यांतल्या दोनच इथे विस्ताराने पाहू.

पहिली प्रश्नांची. कोरा कागद पुढे ठेवून ‘अभिप्राय लिहा’ म्हटलं, की जो माणूस रोज लिहीत नाही तो अवघडतो आणि मग सभेत ऐकलेली भाषा वापरतो: ‘त्यांचे कार्य अत्यंत प्रशंसनीय असून आम्ही त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा देतो.’ हे वाचून नव्या क्लायंटला काहीच कळत नाही. हाच अभिप्राय प्लंबरलाही देता आला असता. तीन प्रश्नांचा क्रम तसा मुद्दाम आहे. आधी अडचण, मग काम, मग फरक. या क्रमाने कुणी सहज बोललं तरी त्यातून गोष्ट तयार होते, आणि तशाच अडचणीत असलेला दुसरा उद्योजक तिथे थांबून वाचतो. दुसऱ्या प्रश्नात ‘खटकलं असेल तर’ हे का? कारण फक्त कौतुक मागितलं की माणूस सावध होतो. मोकळं बोलायची मुभा दिली की कौतुकही नेमकं येतं. आणि खटकलेलं कळलं, तर पुढच्या कामासाठी ते अभिप्रायाहून जास्त उपयोगी पडतं.

आपल्या उदाहरणातले विक्रीप्रमुख लिहीत बसत नाहीत. संध्याकाळी गाडीतून ते दीडेक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवतात. त्यात खोकला आहे, मधे ड्रायव्हरला दिलेली सूचना आहे, आणि हेही आहे: ‘आमच्या सर्व्हिसच्या पोरांचा निम्मा वेळ फोनवर जायचा. फिल्टर खराब नाही, बॅकवॉश केलेला नाही, हे समजवायला. मॅडम दुकानात येऊन बसल्या, शेतकरी काय भाषेत विचारतो ते ऐकलं, हे मला आवडलं. आता डीलर पान पाच उघडून दाखवतो. फोन चाळीस टक्के तरी कमी झाले असतील.’

यावरून लेखिका अभिप्राय तयार करते. तिची शिस्त इथे कळते. ती शब्द त्यांचेच ठेवते, फक्त अडखळणं काढते आणि वाक्यं लावून घेते. ‘पोरांचा’ ऐवजी ‘मुलांचा’ करायचं का, ते ती त्यांना विचारते. चाळीस टक्के हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही. तो छापला तर तो पुराव्यासारखा वाचला जाईल, आणि किती तक्रारी येत होत्या हे उलट बाजूने सांगणारा म्हणून कंपनीलाही कदाचित नको असेल. म्हणून ती तो वगळते आणि का वगळला ते कळवते. तयार झालेला मजकूर असा:

‘आमच्या सर्व्हिसच्या मुलांचा निम्मा वेळ फोनवर जायचा: फिल्टर खराब नाही, बॅकवॉश केलेला नाही, हे समजवायला. मॅडम डीलरच्या दुकानात येऊन बसल्या आणि शेतकरी कोणत्या भाषेत विचारतो ते त्यांनी ऐकलं. आता डीलर पान पाच उघडून दाखवतो आणि फोन बरेच कमी झालेत.’

हा मजकूर ती ईमेलने परत पाठवते आणि ‘ठीक आहे’ असं उत्तर आल्यावरच वापरते. अनेक लेखक अभिप्राय स्वतःच लिहून ‘फक्त मान्यता द्या’ म्हणतात. गडबडीतला क्लायंट मान्यता देतोही. मला ही पद्धत मान्य नाही. न बोललेलं कौतुक दुसऱ्याच्या तोंडी घातलं की तो अभिप्राय राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यांतही हेच आहे: जाहिरातीतली शिफारस त्या व्यक्तीचं खरं आणि बऱ्यापैकी ताजं मत असावी, आणि ती त्या सेवेविषयीच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी. लेखकाची वेबसाइट छोटी असली तरी मोजपट्टी तीच वापरावी. खोटं बहुधा भाषेवरूनच उघडं पडतं. सहा वेगवेगळ्या क्लायंटचे अभिप्राय एकाच वळणाच्या वाक्यांत आले, की वाचणाऱ्याला कळतं की हे सगळं लेखकानेच लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट परवानगीचे चार तुकडे करण्याची. ‘पोर्टफोलिओत वापरू का?’ या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर नेमकं कशाला हो आलं? उघड्या वेबसाइटवर, की मागितल्यावर एखाद्याला दाखवायला? लोगोसह, की नावाशिवाय? चार महिन्यांनी कंपनीच्या मालकांना लोगो दिसतो, त्यांना वाटतं आपण या लेखिकेची जाहिरात करतोय, आणि विक्रीप्रमुखांना फोन जातो. चूक कुणाचीच नसते, फक्त ‘हो’ मोघम असतो. क-ख-ग-घ केलं की उत्तर एका ओळीत येतं. आपल्या उदाहरणात ते असं येतं: ‘क, ख चालेल. ग नको, लोगोला हेड ऑफिसची परवानगी लागते. घ नको, पूर्ण पुस्तिका प्रतिस्पर्ध्यांकडे जाऊ नये.’ यात दोन नकार आहेत, पण लेखिकेला जे लागतं ते मिळालेलं आहे. चार पानं आणि एक नाव नव्या क्लायंटला काम दाखवायला पुरतात. सगळं नाकारलं गेलं असतं, तर तिने आणखी एकच विचारायला हवं होतं: ‘सिंचन साहित्य बनवणारी एक कंपनी’ असं नाव न घेता सांगू का? त्यातही जपावं लागतं. ‘नाशिक’, ‘वाळूचा फिल्टर’ आणि ‘सोळा पानी पुस्तिका’ एकत्र लिहिलं, की धंद्यातला माणूस कंपनी लगेच ओळखतो.

दाखवायच्या पानांवर लेखिकेचा फक्त मजकूर असतो. चित्रं एका चित्रकाराची असतात, मांडणी डिझायनरची. कंपनीने परवानगी दिली तरी पानाखाली ‘मजकूर माझा’ आणि मांडणी-चित्रं कुणाची हे लिहिणं योग्य. नाहीतर पाहणारा सगळ्याचंच श्रेय तिला देतो आणि पुढच्या कामात तिच्याकडून डिझाइनचीही अपेक्षा करतो. छापली गेली तीच आवृत्ती दाखवावी. कंपनीने कापलेला एखादा परिच्छेद लेखिकेला कितीही आवडता असला, तरी तिने स्वतःचा मसुदा लावला, तर ती क्लायंटच्या संपादनावर जाहीर टीका होते. काम वेबसाइटचं असेल तर नुसता दुवा देऊन भागत नाही. क्लायंट वर्षभरात पान बदलतो आणि दुव्यावर दुसऱ्याच कुणाचा मजकूर उभा राहतो. परवानगी मिळाली त्या दिवशीची पीडीएफ तारखेसह जपून ठेवावी.

उत्तर आलंच नाही तर? आठ-दहा दिवसांनी एक छोटी आठवण करावी, त्याच ईमेलच्या खाली. त्यात दोन्ही विनंत्या पुन्हा न मांडता फक्त सोपी पुढे करावी: ‘परवानगीचं सवडीने, पण तीन प्रश्नांवर दोन मिनिटं बोलता येईल का?’ त्यानंतरही शांतता असली तर विषय सोडावा. ‘आपल्याकडून उत्तर न आल्यास संमती समजण्यात येईल’ हे वाक्य काही लेखक वापरतात. ते चुकीचं आहे. करारात गप्प राहणं म्हणजे होकार, असं सहसा मानलं जात नाही, आणि जिथे माणसाला कायद्याने पेचात धरल्यासारखं वाटतं तिथे पुढचं कामही जातं. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर होकार आला, तर त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावं: ‘आज बोलल्याप्रमाणे क आणि ख ला आपली परवानगी आहे. बरोबर ना?’ त्यावरचं ‘हो, बरोबर’ हे उत्तर तारखेसह तुमच्याकडे राहतं. ते कंपनीच्या ईमेल पत्त्यावरून आलेलं असावं, खासगी पत्त्यावरून नव्हे, कारण हो म्हणणारा माणूस उद्या कंपनीत नसेल, पण प्रश्न कंपनीलाच विचारला जाईल.

विक्रीप्रमुख दोन वर्षांनी नोकरी बदलतात तेव्हा अभिप्रायाचं काय करायचं? तो त्यांचा अनुभव होता आणि खराच होता, म्हणून काढायची गरज नसते. त्यांच्या पदापुढे ‘तत्कालीन’ लिहावं आणि त्यांना तसं कळवावं. पानांची परवानगी मात्र कंपनीची होती, ती तिथेच राहते. नवे साहेब आले आणि त्यांनी पानं काढायला सांगितली, तर लेखिकेने ईमेलमध्ये शब्द दिलेला आहे, म्हणून ती त्याच दिवशी काढते आणि काढल्याचं कळवते. कंपनीचं नाव यादीत ठेवू का, हे त्याच ईमेलमध्ये वेगळ्या ओळीत विचारते.